आधी घोषवाक्य, मग गस्त

तुमच्या कॉलनीतल्या निवृत्तांनी रात्रीची गस्त घालायचं ठरवलं असेल, तर लगेच शिट्टी आणि बॅटरी आणायला पळू नका. आधी नाव ठरवा. नावाशिवाय गस्त म्हणजे जेवल्यावर शतपावली, आणि ती तर डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलेली आहे. नाव असं हवं, की त्याचं एकेक अक्षर फोडलं की एकेक शब्द निघावा आणि सगळे मिळून घोषवाक्य व्हावं. नाशकात इंदिरानगरातल्या आमच्या कॉलनीला यासाठी तीन बैठका लागल्या. गेटवरचा बंद पडलेला दिवा त्या तिन्ही बैठकांत विषयपत्रिकेवर शेवटून दुसरा होता. शेवटचा चहा.

पहिली सूचना साहजिकच 'गस्त'. ही चूक तुम्हीही जरूर करा, एक बैठक सहज निघते. 'ग'ला गल्ली मिळते. पुढे 'स्त'. मराठीचे निवृत्त सर जोडाक्षराला घाबरणारे नव्हेत. ते सुरू झाले: स्तंभ, स्तब्ध, स्तर, स्तुती, स्तोत्र... आणि मधला एक शब्द तोंडाशी येऊन अडला, तसा त्यांनी चहाचा कप उचलला. 'गल्ली स्तब्ध' एवढंच हाती लागलं. कुणीतरी म्हणालं, चोरी झाल्यावर तसंच होतं.

मग 'सावध'. इथे अक्षरं सुटी आहेत, पण मराठीत मात्रा बरोबर येते. 'सा' म्हणजे 'सा'च, नुसता 'स' चालत नाही. 'सारे', 'वस्ती' हे जमलं, आणि 'ध'वर कमिटी फुटली. ओझरहून निवृत्त झालेल्या काकांना 'धरा' हवं होतं. त्यांच्या दोन्ही गुडघ्यांच्या वाट्या बदललेल्या आहेत, हे लक्षात आणून दिल्यावर, मात्रेकडे काणाडोळा करून, 'धीर धरा'वर तडजोड सुचली. पण चोर पळत असताना धीर धरायचा म्हणजे नक्की काय करायचं, यावर बैठक संपली. तुमच्याकडे हा प्रश्न कुणी काढला, तर त्याला 'नकारात्मक' म्हणा आणि पुढे चला. घोषवाक्यात करायचं काम असूच नये. 'जागरूकता', 'एकता', 'आत्मीयता' असे भाववाचक शब्द घाला. ते रात्री दोन वाजताही कुणाकडून काही मागत नाहीत.

तिसऱ्या बैठकीत कुणाच्या तरी नातवाने इंग्रजीतून तोडगा काढला: 'ईगल'. एल्डर्स ऑलवेज गार्डिंग लेन्स एव्हरीव्हेअर. गरुडाची नजर, शिवाय पाच अक्षरं चोख. टाळ्या. फलक मात्र मराठीतच हवा असा आग्रह होता, म्हणून पेंटरने इमानदारीने पाच शब्द देवनागरीत एकाखाली एक लिहिले आणि पहिली अक्षरं लाल केली. वरून खाली वाचलं की येतं 'एऑगालेए'. आमची कॉलनी आता रिक्षावाल्यांना याच नावाने माहीत आहे.

फलक लागल्याच्या आठवड्यात सकाळी पावणेसहाला जॉगिंग ट्रॅकजवळ एका मावशींची पोत ओढून दोघे मोटरसायकलवरून पळाले. गस्तीतले तिघे समोरच होते. पोलिसांनी विचारलं, गाडीचा नंबर? काका छाती काढून म्हणाले, "एमएच १५!" हवालदार सभ्य माणूस, त्यांनी ते लिहून घेतलं. नाशकातल्या बहुतेक घरांपुढे एमएच १५ उभीच असते. उपयोगाचे असतात ते शेवटचे चार आकडे, आणि ते कुणीच पाहिले नव्हते, कारण तिघेही चेहरा बघत होते, आणि चेहऱ्यावर हेल्मेट होतं. हवालदारांनी कॉलनीचं ब्रीद मात्र न विचारताच ऐकलं, विस्तारासकट.

तेवढ्यात दूध घेऊन परतणाऱ्या काकू म्हणाल्या, "शेवटी सत्तेचाळीस. आधीचे दोन दिसले नाहीत. काळी गाडी, मागच्याने लाल शर्ट घातलेला, पाथर्डी फाट्याकडे गेले. मी लगेच ११२ लावला." काकू कमिटीत नाहीत. त्यांनी पहिल्याच बैठकीत आपलं एक सुचवलं होतं: नंबर, रंग, दिशा. म्हणजे 'नंरंदि'. त्याला काही अर्थच होत नाही, म्हणून ते चर्चेला न घेता फेटाळलं गेलं होतं. आणि पाठलाग करायचा नाही, दिसलं तेवढं मोठ्याने स्वतःशी म्हणत फोन लावायचा, असंही त्या म्हणाल्या होत्या. ते घोषवाक्यात बसलं नाही.

तुमच्याकडेही अशी एखादी काकू निघेलच. तिचा सत्कार फलकाखालीच करा. आम्ही केला. शाल, श्रीफळ, फोटो. दिवा अजून बंदच असल्याने फोटोत फक्त लाल अक्षरं नीट आली आहेत.