नाव बदला म्हणे, पाच मिनिटांचं काम!

‘शांता आणि शारदा, दोन्ही ‘शा’च. वाचक गोंधळतो. शांताची कुसुम करून टाका, पाच मिनिटांचं तर काम!’ फोनवर बोलायला संपादकांचं काय जातंय? या माणसाने जन्मात कधी मराठी मजकुरात फाइंड-रिप्लेस केलंय का?

अहो, मराठीत नाव एकटं असतं कुठे! ‘शांता’ शोधलं की कर्ता तेवढा सापडतो. बाकी पानोपानी ती ‘शांतेला’, ‘शांतेनं’, ‘शांतेच्या’, ‘शांतेकडे’ होऊन बसलेली. ‘ता’चा ‘ते’ झाला की कॉम्प्युटरच्या लेखी ती बाईच वेगळी. बरं, ‘शांते’ वेगळं शोधावं, तर ‘फक्त पूर्ण शब्द’ या पर्यायावर खूण असताना प्रत्यय लागलेलं एकही रूप हाती लागत नाही. खूण काढली की शांतारामकाकांचे कुसुमरामकाका आणि ‘प्रशांताने’चं ‘प्रकुसुमने’! वडील तिला लाडाने शांतू म्हणतात. त्याचं ‘कुसू’ करायला जा, ‘पैशांतून’चं ‘पैकुसून’ होतं. हा काय शब्द आहे? आधी एक स्पेस देऊन शोधा, म्हणजे शब्दाच्या पोटातलं वाचतं. पण मग अवतरणचिन्हाला चिकटलेली आणि परिच्छेदाच्या सुरुवातीची शांता सुटते. शेवटी ‘शांत’ टाकून एकेक ठिकाणी थांबत जायचं, आणि वाटेत प्रत्येक ‘शांतपणे’, ‘शांतता’, ‘अशांत’ आडवं येणार. झाली पाच मिनिटं?

एवढं करून हाती काय? माझ्या गोष्टीतली सासू ‘अगं शांते’ म्हणून खेकसते, निवेदक ‘शांतेला’ लिहितो आणि शहरातली भाची ‘शांताला’ म्हणते. मुद्दाम ठेवलेत तसे, बोलण्यावरून माणूस कळावा म्हणून. कुसुमचं सामान्यरूप होत नाही, त्यामुळे निवेदक आणि भाची दोघांचंही सपाट ‘कुसुमला’. सासूसाठी ‘कुसमे’ हाताने घालावं लागलं. आणि ‘नाव शांता, पण घटकाभर शांत बसेल तर शपथ’ या नवऱ्याच्या वाक्याचं काय लोणचं घालू?

आता कालचा निरोप ऐका. ‘कुसुम जरा मऊ वाटतं हो, नायिका कणखर आहे. यमुना बघा ना.’ अरे, मग हे आधी सुचायला काय झालं होतं? शांता आणि यमुना दोन्ही आकारान्त. ‘शांता’चं ‘यमुना’ आणि ‘शांते’चं ‘यमुने’, निदान प्रत्ययांचा प्रश्न तिथेच मिटला असता. आता दोन्ही रूपं ‘कुसुम’मध्ये विरघळलीत. सरळ बदललं तर सगळीकडे ‘यमुनाला’, ‘यमुनानं’. म्हणजे आधी ‘कुसुमला’, मग ‘कुसुमनं’, मग ‘कुसुमच्या’, ‘कुसुमकडे’, ‘कुसुमसाठी’ असा एकेक प्रत्यय वेगळा धरायचा आणि नुसतं ‘कुसुम’ सगळ्यात शेवटी.

‘मग जुन्या फाइलवर करा की!’ करतो ना. पण तुम्ही नव्या फाइलमध्ये केलेल्या दुरुस्त्या तिच्यात कोण चढवणार, कुसुमरामकाका?