नकाराला जागा नाही

मराठी वाक्यात क्रियापद शेवटी येतं, पंगतीत यजमान शेवटी बसतो तसं. आणि यजमान बसेपर्यंत जिलबी संपलेली असते. इंग्रजी सिनेमांना मराठी सबटायटल्स लिहिणं हा माझा उद्योग, आणि इथली जिलबी म्हणजे जागा. पडद्यावर एका वेळी दोन ओळी, एका ओळीत ४२ खुणा.

अक्षरं म्हणत नाही, खुणा म्हणतोय. काना, वेलांटी, अनुस्वार, मधली मोकळी जागा, सगळं सुटं मोजलं जातं. जोडाक्षरात आपण अक्षराचा पाय मोडतो, तो दिसत नसला तरी त्या मोडक्या पायाचंही पूर्ण तिकीट लागतं. ‘स्त्री’ आपल्याला एक अक्षर दिसते. सॉफ्टवेअरच्या लेखी ती सहा आहे.

आता कोर्टातला प्रसंग घ्या. वकील आरोपीकडे बोट दाखवून विचारतो, त्या रात्री दार त्यानं उघडलं, म्हणालात ना? साक्षीदार आजीबाई ताडकन नाकारतात. दोन माणसं एकाच वेळी पडद्यावर बोलत असली की प्रत्येकाला एकच ओळ मिळते. (बोलणारा बदलला हे दाखवणारी ओळीआधीची आडवी रेघ आमच्याकडे मोजत नाहीत, हा त्यांचा मोठेपणा.) इंग्रजी आजी दुसऱ्याच शब्दाला ‘नेव्हर’ म्हणून मोकळ्या होतात, पुढचं वाक्य कुत्र्यानं नेलं तरी नकार शाबूत. मराठीत मात्र सरळ लिहायचं तर असं होतं:

त्या रात्री त्यानं दार उघडलं असं मी म्हटलं नाही.

बोटं मोडून मोजा. ‘म्हटलं’च्या शेवटच्या अनुस्वारावर बरोबर ४२ होतात. डोळ्यांना जेमतेम सतरा अक्षरं दिसतात, पण कोटा संपला. ‘नाही’ बाहेर. आमच्याकडे अशी ओळ लाल होते. तरी पुढं पाठवली, तर तिकडचं यंत्र उरलेलं मुकाट्यानं छाटतं. पडद्यावर उरतं: ‘त्या रात्री त्यानं दार उघडलं असं मी म्हटलं’. म्हणजे आजी नकारार्थी मान हलवतायत आणि खाली कबुली देतायत. आमची आत्या असलं काही पाहिलं की लगेच निकाल देते, “बाई खोटारडी आहे, चेहऱ्यावरूनच कळतं.”

छाटलेली ओळ ओळखायची सोपी खूण म्हणजे शेवटी पूर्णविराम नसतो. म्हणून तिकडून फाइल परत आली की मी प्रत्येक ओळीचा फक्त शेवटचा शब्द वाचत खाली जातो. मधे एकदम ‘गोळी झाडू’ दिसतं. वाचणाऱ्याला वाटावं, इन्स्पेक्टर केरसुणी मागतोय. ‘नका’ गेलेला असतो.

क्रियापद गेलं म्हणून दरवेळी गळा काढायचं कारण नाही. ‘आहे’ आणि ‘होता’ खुशाल जाऊ द्यावेत. ‘तू इथे कसा?’, ‘आज काय बेत?’ यांत क्रियापद कुठाय? कोणाचं अडलं? ‘पोलिसांना फोन!’ म्हटलं की ‘ना’ हा प्रत्ययच सगळं काम करतो, ‘कर’ची गरज उरत नाही. पण ‘नाही’, ‘नको’, ‘नव्हतं’ यांच्यासाठी मात्र भांडायचं. ते कापले गेले तर अर्थ अर्धवट राहत नाही, सरळ उलटा होतो.

म्हणून आजींच्या ओळीत आधी ‘त्या रात्री’ उडवलं, कारण वरच्या ओळीत वकिलानं ते म्हटलेलंच आहे. मग नकार पुढं आणायचा. ‘मी कुठं म्हटलं त्यानं दार उघडलं?’ अवघ्या ३२ खुणा, ‘नाही’ न वापरता नकार! मोह झाला. पण ह्या आजी न्यायाधीशासमोर ताठ बसलेल्या. ‘मी कुठं म्हटलं’ ऐकताना त्या भाजीवाल्याशी हुज्जत घालतायत असं वाटायला लागलं. शेवटी ठरलं:

मी म्हटलंच नाही, त्यानं दार उघडलं असं.

पूर्णविरामासकट ३८. ‘च’ला एक खूण खर्चली, पण आजींचा ताठा त्या ‘च’मध्येच आहे.

फाइल तपासणीला गेली आणि शेऱ्यासह परत आली: ‘शब्दक्रम अशुद्ध. क्रियापद वाक्याच्या शेवटी घ्यावे.’ मी सविस्तर उत्तर लिहिलं, खुणांच्या हिशेबासकट. दोन दिवस काही हालचाल नाही, म्हणून तपासनीस साहेबांना फोन लावला.

“अहो, पण असं मराठीत बोलतं का कोणी?” साहेब म्हणाले.

“माझं उत्तर वाचलंत का?”

“छे, मी नाही वाचलं अजून, तुम्ही काय लिहिलंय ते.”

मी म्हटलं, “साहेब, हेच वाक्य शेऱ्यात घाला आणि ओळ मंजूर करा.”