'बस मध्ये' आणि 'बसमध्ये' : एका फिरत्या संदेशाला उत्तर

"इंग्रजी शब्दांना मराठी व्याकरण लागू होत नाही. म्हणून १) प्रत्यय सुटा किंवा मध्ये रेघ देऊन लिहावा : बँक मध्ये, बस-ने. २) मूळ शब्दाला हात लावू नये; 'बँकेत', 'फायलीत' ही अडाणी रूपे आहेत. ३) इंग्रजी शब्दांना ऱ्हस्व-दीर्घाचे नियम नाहीत. मराठीप्रेमींनी पुढे पाठवावे."

पहिल्या मुद्द्याचा फटका मला स्वतःला बसला आहे, म्हणून तिथूनच सुरू करतो. गेल्या मे महिन्यात आमच्या डिचोलीच्या वाड्यावरून कोल्हापूरला बस न्यायची होती. सूचना मी लिहिली. शेवटचं वाक्य होतं, 'डबे सोबत घ्या, बस मध्ये थांबणार नाही.' संध्याकाळी शेजारच्या काकी सोप्यावर येऊन बसल्या. म्हणाल्या, "अरे, माझे गुडघे धरलेत. देवळाकडे मी उतरणार नाही. बसमध्ये थांबायचं नाही असं का लिहिलंस?"

मी लिहिलं होतं की बस वाटेत थांबणार नाही. तिथे 'मध्ये' हे स्वतंत्र क्रियाविशेषण होतं आणि ते सुटं लिहिलं, तेच बरोबर होतं. पण 'आत' या अर्थाचा 'मध्ये'ही हल्ली सगळे सुटाच लिहितात, त्यामुळे त्या मोकळ्या जागेला काही अर्थच उरलेला नाही. काकींनी रोजच्या सवयीने वाचलं आणि चूक माझ्या माथी आली.

मराठीत विभक्तीचे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं नामाला जोडून लिहितात. घरात, झाडाखाली, देवळामागे. शब्द कुठून आला याची चौकशी इथे होत नाही, कारण 'मध्ये' जोडलाय की सुटा आहे यावरून वाचणाऱ्याला वाक्याची बांधणी कळते. आता 'बसमधल्यांनाही' हा शब्द घ्या. बस, मग मध, मग ल्यां, मग ना, मग ही. रेघ द्यायचीच तर ती कुठे द्यायची? संदेश लिहिणाऱ्याने 'बस-ने' एवढंच उदाहरण घेतलं म्हणून त्याचं निभावलं.

ही सुटं लिहिण्याची सवय व्याकरणातून आलेली नाही, फोनच्या कळफलकातून आली आहे. सुचवलेल्या शब्दांतून 'बँक' निवडला की कळफलक पुढे आपणहून एक जागा सोडतो. मग 'मध्ये' निवडायचा. मागे जाऊन ती जागा पुसायचा कंटाळा येतो. तेच डोळ्यांना सवयीचं झालं आणि आता त्याला नियम म्हणून पुढे पाठवताहेत. शब्द रोमनमध्येच ठेवला असेल, म्हणजे PDF सारखा, तर पुढे जागा सोडली तरी माझी तक्रार नाही. लिपी बदलते तिथे डोळा तसाही थबकतो. पण देवनागरीत लिहिलं की पीडीएफमध्ये, एसटीने, जीएसटीचा.

दुसरा मुद्दा खरा गमतीचा आहे आणि त्यात संदेशवाल्याला थोडं खरं दिसलंय, हे मान्य करायला हवं. आपण 'बँकेत' म्हणतो, पण 'बसेत' म्हणत नाही. 'टेबलावर' म्हणतो, 'लॅपटॉपावर' सहसा नाही. म्हणजे प्रत्यय लागताना काही इंग्रजी शब्दांचं रूप बदलतं, त्यांचं सामान्यरूप होतं, काहींचं होत नाही. यावरून त्याने 'कुठल्याच शब्दाचं होऊ नये' असा निष्कर्ष काढला. उलट प्रश्न असा विचारायला हवा होता की कुठल्या शब्दाचं होतं आणि का.

याचं उत्तर शोधायला गोव्यात बसलेल्या माणसाला फार लांब जावं लागत नाही. पगार, तुरुंग, लिलाव, चावी, पाव हे सगळे पोर्तुगीजांच्या तोंडून आलेले शब्द. पगारातून कापतात, तुरुंगात टाकतात, लिलावात घेतात, चावीच्या चाव्या होतात, पावाला लोणी लावतात. 'तुरुंग-मध्ये' कुणी लिहिलेलं मी पाहिलं नाही. कोंकणीत इगर्ज आली आणि 'इगर्जेंत' झाली. परका शब्द मराठीत आला की त्याला आधी लिंग मिळतं. लिंगावरून अनेकवचन ठरतं आणि त्याच वाटेने सामान्यरूप येतं. इंग्रजी शब्द याच वाटेवर आहेत, फक्त सगळे एकाच ठिकाणी पोचलेले नाहीत.

म्हणून मी एक साधी कसोटी वापरतो : शब्दाचं मराठी अनेकवचन तोंडात येतं का ते बघायचं. बँक, बँका, म्हणून बँकेत. नोट, नोटा, म्हणून नोटेवर. फाइलच्या फायली होतात, म्हणून फायलीत. सायकलच्या सायकली, म्हणून सायकलीवर. लाइनच्या लायनी, म्हणून लायनीत उभे राहा. स्त्रीलिंगी शब्दाचं अनेकवचन 'आ'ने झालं तर सामान्यरूप 'ए'ने, 'ई'ने झालं तर 'ई'ने. हे वेळ आणि भिंत या आपल्या शब्दांचंच वळण आहे : वेळा, वेळेत, भिंती, भिंतीवर. नपुंसकलिंगात टेबलं, टेबलावर, कोर्टं, कोर्टात, तिकिटं, तिकिटावर. आता बस घ्या. एक बस, दोन बस. फार तर कुणी 'बसेस' म्हणेल, पण ते इंग्रजी अनेकवचन झालं. मराठी अनेकवचन नाही, म्हणून सामान्यरूपही नाही : बसमध्ये, बसने, बसला. कार आणि ट्रेन त्याच रांगेतल्या.

कसोटी सगळीकडे चालत नाही. 'आज तीन मिटिंगा झाल्या' असं आपण सर्रास बोलतो, पण 'मिटिंगेत' कुणी म्हणत नाही, मिटिंगमध्येच म्हणतो. अनेकवचन पोचलं, सामान्यरूप अजून वाटेत आहे. कोट, फोन यांसारख्या पुल्लिंगी शब्दांत तर एकवचन आणि अनेकवचन सारखंच दिसतं, तेव्हा कसोटी मुकीच राहते. तिथे कान लावावा लागतो. कोट आणि बूट जुने, म्हणून कोटाच्या खिशात, बुटात खडा गेला. फोन त्या मानाने नवा, म्हणून फोनमध्ये. 'मोबाइलात' मला कधीमधी ऐकू येतं. मी ते लिहीत नाही, पण दुसऱ्याने लिहिलं तर खोडतही नाही.

'मध्ये' इतका फोफावला त्याचंही कारण इथेच आहे. 'त' हा प्रत्यय एकट्या अक्षराचा, त्याला मागे स्वर लागतो. 'बँक'ला नुसता 'त' लावला की 'बँकत' होतं, ते जिभेवर टिकत नाही. आणि 'बसत' म्हटलं की ऐकणाऱ्याला बसणे आठवतं. पण शब्दाच्या शेवटी स्वर असेल तर इंग्रजी काय आणि पोर्तुगीज काय, काही अडत नाही : टॅक्सीत, कंपनीत, व्हिडिओत, वास्कोत. वास्कोला राहणारा माणूस 'वास्को मध्ये राहतो' असं सांगत नाही, 'वास्कोत राहतो' म्हणतो. अडचण व्यंजनान्त शब्दाची आहे, इंग्रजीपणाची नव्हे.

सामान्यरूप अडाणी म्हणणाऱ्याला मी एक जोडी दाखवतो. 'पत्र पोस्टात टाकलं' आणि 'फोटो पोस्टमध्ये टाकला.' शब्द इंग्रजीत एकच. पण ते पोस्ट, म्हणजे टपाल कार्यालय, नपुंसकलिंगी आणि जुनं, म्हणून पोस्टात. ती पोस्ट, म्हणजे पडद्यावरची, स्त्रीलिंगी आणि नवी. तिचं अनेकवचन 'पोस्टा' की 'पोस्टी' हे अजून ठरलेलं नाही, म्हणून पोस्टमध्ये. दोन्हीकडे 'पोस्ट मध्ये' लिहिलं की मराठीने आपणहून केलेला हा भेद पुसला जातो. पत्र कुठे गेलं आणि फोटो कुठे, ते मग संदर्भावर सोडावं लागतं.

आता ऱ्हस्व-दीर्घ. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनाचे नियम १९६२ साली चौदा आले आणि १९७२ साली त्यांत आणखी चारांची भर पडली. अकारान्त शब्दातलं शेवटच्या आधीचं इकार-उकार दीर्घ असतं, यातून त्यांनी सूट दिली ती संस्कृतातून जसेच्या तसे आलेल्या शब्दांना : गुण, मधुर. इंग्रजी शब्दांच्या नावाने अशी सूट नाही. आणि लोकांनी ती आपणहून घेतलेलीही नाही. गरीब, गरिबाला, या चालीवरच आपण पोलीस, पोलिसांना आणि तिकीट, तिकिटाचे लिहितो. बूट दीर्घ, बुटात ऱ्हस्व. हे कुणी इंग्रजी शब्दकोश उघडून ठरवलेलं नाही.

या ऱ्हस्व होण्यात एक बारकावा आहे आणि तिथे चांगले लिहिणारेही घसरतात. इकार ऱ्हस्व होतो तो सामान्यरूप झालं म्हणून. 'मशिनीत' लिहायचं तर शि ऱ्हस्व. पण 'मशीनमध्ये' लिहिलं तर सामान्यरूप झालेलंच नाही, शब्द जसाच्या तसा राहिला, म्हणून शी दीर्घच. 'मशिनमध्ये' हे दोन्हीकडचं नाही. तसंच 'तिकिटावर' बरोबर, 'तिकिटवर' चूक. तपासायचं असेल तर प्रत्यय झाकून उरलेला शब्द वाचावा. 'मशिन' असा सुटा शब्द तुम्ही लिहिता का? नसाल लिहीत, तर प्रत्ययामागेही तो तसा यायला नको.

आणि पार्किंग. पणजीत शंभर पावलं चाललात तरी एखादी 'पार्कींग' अशी पाटी दिसेल. बुकींग, ट्रेनींग, वेडींग हीही त्याच घरची. अनुस्वाराच्या आधी इकार-उकार ऱ्हस्व लिहावा, हा मराठीतला सगळ्यात सोपा नियम : चिंच, भिंत, खुंटी. म्हणून पार्किंग, बुकिंग. इथे इंग्रजी उच्चारही ऱ्हस्वच आहे, त्यामुळे 'आम्ही मूळ उच्चार धरतो' ही पळवाटही उरत नाही.

एक ठिकाण मात्र मी सोडून देतो. नियम काटेकोर लावला तर 'ऑफीस' आणि 'टिफीन' लिहावं लागेल, 'पोलीस'सारखं. तसं कुणी लिहीत नाही, मीही नाही. 'ऑफिस' ऱ्हस्वच रुळलं आणि 'ऑफिसात'मध्येही ते ऱ्हस्वच राहतं. 'पोलीस' दीर्घ झाला आणि 'ऑफिस' झालं नाही, याचं गणित मला आजतागायत बसवता आलेलं नाही.