भिंगांच्या मॅट्रिक्स कोणत्या क्रमाने गुणायच्या?

«किरण आधी L1 भिंगातून जातो, मग मधलं अंतर T, मग L2 भिंगातून. म्हणून L1·T·L2 असंच गुणायचं. निश्चयक 1 आला की उत्तर बरोबर.»

चूक. किरणाची उंची आणि कोन यांचा स्तंभ उजवीकडे लिहितात, त्यामुळे त्याला आधी भेटणारं भिंग त्याच्या लगेच शेजारी हवं: M = L2·T·L1. निश्चयकावर भिस्त ठेवू नका. दोन्ही बाजूंना हवा असेल तर तो उलट क्रमानेही 1 च येतो.

100 मिमी आणि 50 मिमी नाभीय अंतराची दोन पातळ भिंगं 50 मिमी अंतरावर ठेवू.

```
L2·T·L1 = [ 0.5   50 ; -0.02  0   ]
L1·T·L2 = [ 0     50 ; -0.02  0.5 ]
```

फसगत इथेच होते: मॅट्रिक्स [ A B ; C D ] अशी लिहिली तर C दोन्हींत सारखाच, म्हणून एकूण नाभीय अंतर (-1/C) दोन्हीकडे 50 मिमी. फरक पडतो तो -A/C मध्ये, म्हणजे शेवटच्या भिंगापासून नाभीपर्यंतच्या अंतरात. बरोबर क्रमाने ते 25 मिमी, उलट क्रमाने शून्य. म्हणजे सेन्सर भिंगालाच चिकटवायचा!

पडताळायला अक्षाला समांतर, 10 मिमी उंचीवरचा किरण हाताने सोडा. दुसऱ्या भिंगावर तो 5 मिमीवर पोचतो, तिथून -0.2 रेडियनने उतरतो आणि 25 मिमीवर अक्ष गाठतो. (0.2 रेडियन उपाक्षीय मर्यादेच्या जरा बाहेरच. उंची 1 मिमी घेतलीत तरी अंतर तेच.)