आजीचे डोळे आणि सहाशे डीपीआय

बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन वीस मिनिटांत झालं, पण विम्याच्या क्लेमची सहा पानं स्कॅन करून पाठवायला मला चार दिवस लागले, आणि यात स्कॅनरची काडीचीही चूक नव्हती हे आधीच सांगून टाकतो.

स्कॅनर उघडला की डीपीआयची, म्हणजे इंचाला किती ठिपके टिपायचे त्याची, एक यादी येते, 75, 100, 150, 200, 300, 600, 1200. आता मराठी माणूस दुकानात गेला की सगळ्यात स्वस्त विचारतो, पण फुकट असेल तर सगळ्यात मोठं उचलतो. 1200 लावलं तर स्कॅनर इतका सावकाश सरकायला लागला की बाबा म्हणाले, बंद पडला वाटतं. म्हणून मन मोठं करून 600 वर आलो. कलर. डिस्चार्ज कार्ड, बिलं, पावत्या, सगळं मिळून सहा पानांची पीडीएफ झाली 46 एमबी.

मेल काही जाईना. 25 एमबीची मर्यादा. आणि गंमत म्हणजे पानं कमी करून 21 एमबीची फाईल केली तरी जाईना, कारण मेलमधून जाताना अटॅचमेंट अक्षरांच्या रूपात बदलून जाते आणि त्यात ती साधारण एक तृतीयांशाने फुगते, म्हणजे 21 ची 28 होते. तेव्हा खरी मर्यादा अठराच्या आसपासच धरायची. मग झिप करून बघितली, 46 ची 45 झाली, कारण आतली चित्रं आधीच दाबलेली असतात, पिळलेल्या कपड्यातून आणखी पाणी कुठून निघणार. विमा कंपनीतून फोनवर ताई म्हणाल्या, सर मेल करूच नका, पोर्टलवर टाका, मर्यादा फक्त 2 एमबी आहे. फक्त.

मी वैतागून स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं की 300 आणि 600 मध्ये दुप्पटच फरक आहे ना, मग फाईल एवढी कशी वाढते. आई गव्हाची कणीक मळत होती, म्हणाली, अरे ठिपक्यांची रांगोळी नाही का, पाच बाय पाच ठिपके म्हणजे पंचवीस, दहा बाय दहा म्हणजे शंभर, दुप्पट कुठे, चौपट झाली की. झालं, बोलती बंद. 300 म्हणजे एका चौरस इंचात 90 हजार ठिपके, 600 म्हणजे 3 लाख 60 हजार. अख्खा ए-फोर कागद 300 वर घेतला तर सुमारे 87 लाख ठिपके, आणि कलरमध्ये प्रत्येक ठिपक्याला तीन आकडे, लाल हिरवा निळा, म्हणजे न दाबता 26 एमबी. 600 वर 104. जेपीजी ते दाबून बरंच खाली आणतं, पण मुळात डोंगरच आणलाय तर दाबणार किती.

मग मी काय केलं तर दुसऱ्या टोकाला गेलो. 100 डीपीआय, क्वालिटी कमीत कमी. सहा पानं 600 केबी. पोर्टलने आनंदाने घेतली. दोन दिवसांनी उत्तर आलं, कागदपत्रे अस्पष्ट, पुन्हा सादर करा. फाईल उघडून मोठी करून बघितली तर बिलातला 38,650 हा आकडा 33,650 पण वाटत होता, आणि प्रत्येक अक्षराभोवती मुंग्या लागल्यासारखे करडे कण. त्या मुंग्या जास्त दाबल्याच्या. अस्पष्टपणा कमी ठिपक्यांचा. बारीक टाईपची एक ओळ 100 वर जेमतेम अकरा ठिपके उंच असते, त्यात वेलांटी, रफार, अनुस्वार कुठे बसवणार, अनुस्वाराच्या वाट्याला एक ठिपका येतो आणि तोही मुंगीने खाल्लेला.

शेवटी जमलं ते 200 डीपीआय, ग्रेस्केल, मध्यम क्वालिटी. पान साधारण 300 केबीचं, सगळी मिळून 1.8 एमबी, आणि आकडे स्पष्ट. कोणी म्हणेल, कागदच तर आहेत, सरळ ब्लॅक अँड व्हाईट का नाही? फाईल सगळ्यात लहान त्यातच होते हे खरं, कारण तिथे ठिपका एकतर काळा नाहीतर पांढरा, मधलं काही नाही. पण हॉस्पिटलचा फिकट निळा शिक्का त्यात एकतर गायब होतो किंवा शाईचा डाग पडल्यासारखा दिसतो, आणि शिक्क्याशिवायचं बिल म्हणजे काय हे क्लेम केलेल्यांना सांगायला नको. शिवाय एक पान आगाऊपणे 700 केबीचं होत होतं, कळेना का, तर पावतीचा कागद पातळ, मागचं छापलेलं पुढे डोकावत होतं, स्कॅनर ते इमानदारीने टिपत होता. मागे काळा कार्डबोर्ड ठेवला, ब्राईटनेस थोडा वाढवून पार्श्वभूमी पांढरी केली, पान 310 केबीवर. कोरा पांढरा भाग दाबायला सोपा, धूळ आणि डाग दाबायला अवघड. एवढं ज्ञान मिळाल्यावर मी घरात जरा मान ताठ करूनच फिरत होतो.

आणि तिथेच माती खाल्ली.

त्याच आठवड्यात आजीची नव्वदी. आत्याला हॉलमध्ये आजी-आजोबांच्या लग्नाच्या फोटोचा दोन बाय तीन फुटाचा फ्लेक्स हवा होता. मूळ फोटो दोन बाय तीन इंचाचा, अल्बमच्या कोपऱ्यात. मी आता तज्ज्ञ, लगेच स्कॅन करून पाठवला, फाईल लहान हो आत्या, आता मला जमतं. रात्री फ्लेक्सवाल्याचा फोन. "दादा, फोटो फाटतोय." सेटिंग कसं कोण जाणे पुन्हा 100 वर गेलेलं. म्हणजे दोन इंचाचे 200 ठिपके आणि ते पसरायचे चोवीस इंचांवर, इंचाला आठ ठिपके. आजोबांचं नाक चार चौकोनांत.

मी त्याला 300 डीपीआय करून देतो म्हटलं आणि फोटोच्या एडिटरमध्ये जाऊन नुसता 100 चा आकडा 300 केला. हा सगळ्यांचा आवडता वेडेपणा. ठिपके तेवढेच राहिले, फाईल तेवढीच राहिली, फक्त आता ती स्वतःला इंचाला 300 म्हणवून घेत होती. मूळ फोटो पुन्हा काचेवर ठेवण्याला पर्याय नाही. या वेळी 1200. आलं 2400 बाय 3600, फ्लेक्सवर इंचाला 100 ठिपके, लांबून बघायच्या गोष्टीला भरपूर. आणि गंमत बघा, तो एवढुसा फोटो 1200 वर आणि अख्खा ए-फोर कागद 300 वर, दोन्हींचे ठिपके जवळपास सारखेच भरतात. हाताने आकडा टाकून 4800 पण करता येत होतं, पण माझा स्कॅनर मुळात तेवढं बघतच नाही, मधले ठिपके तो अंदाजाने भरतो. नव्वद टक्के क्वालिटीची जेपीजी 4 एमबीची झाली, ती व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून पाठवली, कारण फोटो म्हणून पाठवली की वाटेत लहान होते.

कार्यक्रमाच्या दिवशी फ्लेक्स उलगडला, एकदम कडक. मुंडावळ्यांचे मणी मोजता येत होते. सगळे वाहवा करत असतानाच आत्या किंचाळली, "अगं बाई, आईचे डोळे मिटलेत!"

सगळे जवळ गेले. खरंच मिटलेले. मूळ फोटोत आजीचा चेहरा पाव इंचाचा, त्यामुळे इतकी वर्षं सगळे त्याला लाजून खाली बघणं समजत होते. आता फूटभर लांबून पापण्या स्पष्ट. आत्या माझ्याकडे बघून म्हणाली, पहिल्यांदा पाठवलेलाच चांगला होता रे.

आजीला खुर्चीसकट समोर नेलं. तिने चष्मा लावून नीट बघितलं आणि म्हणाली, "मग काय तर. पहाटे तीनला उठवलं होतं मेल्यांनी."