पर्याय जुना, रकाने कोरे: टीडीएसच्या तक्रारीला आमचं उत्तर

रिव्ह्यू (एक तारा): "एप्रिलमध्येच मेल करून सांगितलं होतं, जुनी कर प्रणाली ठेवा. सात महिने नवीनप्रमाणे टीडीएस कापला. ऑक्टोबरमध्ये विचारलं तर आधी म्हणे वर्षाच्या मध्यात बदलता येत नाही. मग सुधारित तक्ता आला, त्यात कपात अडीच पटीच्या वर! ऐन दिवाळीत डोक्याला ताप. असलं पेरोल कुणी चालवतं का?"

मालकांचं उत्तर:

नमस्कार सर,

अंधेरीतली ही पेरोल कंपनी मी चालवते. तुमचा सगळा पत्रव्यवहार एप्रिलपासून काढून मी स्वतः वाचला. चूक आमची आहे आणि त्याबद्दल मनापासून माफी मागते.

९ एप्रिलच्या तुमच्या मेलमध्ये एकच ओळ आहे, 'गेल्या वर्षीप्रमाणे जुनीच प्रणाली ठेवा.' त्याखाली आमच्याकडून 'नोंद घेतली' असं लिहून तिकीट बंद झालं, पण तुमच्या नावापुढचा प्रणालीचा रकाना कुणी उघडलाच नाही. २०२३-२४ पासून नवीन प्रणाली हीच मूळ धरली जाते. एप्रिलमध्ये सॉफ्टवेअरमध्ये नवं वर्ष सुरू झालं की प्रत्येकाला नवीन प्रणाली आपोआप लागते, गेल्या वर्षीची निवड पुढे येत नाही. कर्मचाऱ्याने काहीच कळवलं नाही तर नवीनप्रमाणे कापायचं, असं प्रत्यक्ष कर मंडळाचं ५ एप्रिल २०२३ चं परिपत्रक सांगतं. तुम्ही तर कळवलं होतं. त्यामुळे 'मध्यात बदलता येत नाही' हे उत्तर तुम्हाला द्यायलाच नको होतं. तुम्ही पर्याय बदलत नव्हता, एप्रिलमध्ये दिलेला पर्याय लावा एवढंच म्हणत होता. आणि आधी जास्त किंवा कमी कापलेला कर त्याच आर्थिक वर्षातल्या पुढच्या पगारांत जुळवून घ्यायची मुभा १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या कलम १९२(३) मध्ये आहे.

आता त्या तक्त्याबद्दल. तुमचे आकडे इथे चारचौघांत लिहिणार नाही, म्हणून २०२५-२६ साठी वर्षाला २४ लाख पगाराचं उदाहरण घेते. महिन्याला मूळ पगार १ लाख, घरभाडे भत्ता ५० हजार, बाकी इतर भत्ते. नवीन प्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट जाऊन २३,२५,००० वर कर बसतो. सेससह तो २,९२,५०० होतो, म्हणजे महिन्याला २४,३७५. एप्रिल ते ऑक्टोबर या सात महिन्यांत १,७०,६२५ कापले गेले.

ऑक्टोबरअखेर आमच्या टीमने घाईघाईत प्रणालीचा रकाना 'जुनी' केला आणि तक्ता काढून पाठवला. पण जुन्या प्रणालीचा फायदा वजावटींवर उभा असतो आणि ते रकाने कोरे होते. पगारातूनच जाणारा १,४४,००० चा पीएफ, ५०,००० ची प्रमाणित वजावट आणि २,५०० चा व्यवसाय कर एवढंच सॉफ्टवेअरने धरलं. वर्षाचा कर झाला ४,९२,४९२. त्यातून कापलेली रक्कम वजा करून उरलेले ३,२१,८६७ पाच महिन्यांत विभागले की महिन्याला सुमारे ६४,३७३ येतात. तुम्हाला धक्का बसला तो हाच. गणित बरोबर होतं, त्यात घातलेली माहिती अर्धी होती. असा तक्ता पाठवण्याआधी तुम्हाला एक फोन करायला हवा होता.

हेच उदाहरण पूर्ण भरून पाहा. मुंबईत भाडं महिना ६०,०००, म्हणजे वर्षाचे ७,२०,०००. त्यातून मूळ पगाराचे १० टक्के गेले की ६ लाख उरतात. मिळालेला भत्ता ६ लाख आणि मुंबईसाठी मूळ पगाराचे ५० टक्के, तेही ६ लाख. तिन्हींतली सर्वांत कमी रक्कम करमुक्त, इथे ती पूर्ण ६ लाख. पीएफच्या जोडीला पीपीएफचे ६,००० धरून ८०सी ची दीड लाखांची मर्यादा पूर्ण होते. स्वतःचा आणि ज्येष्ठ आईवडिलांचा आरोग्य विमा ७५,०००, एनपीएसचे ५०,०००. करपात्र उत्पन्न १४,७२,५०० वर येतं आणि सेससह कर २,६४,४२०. कापलेले १,७०,६२५ वजा जाता ९३,७९५ उरतात, पाचने भागले की नोव्हेंबरपासून महिन्याला १८,७५९.

म्हणून सुधारित तक्ता हातात आला की आधी महिन्याची कपात पाहू नका. घरभाड्याच्या सवलतीची ओळ पाहा. तिथे शून्य असेल तर बाकीचा तक्ता वाचण्यात अर्थ नाही. ती ओळ बरोबर असली की 'आतापर्यंत कापलेला कर' हा आकडा ऑक्टोबरच्या पगारपत्रकाशी ताडून पाहा. तो जुळत नसेल तर पुढचे पाचही महिने चुकतील.

तुमच्याकडून आता एकच मेल हवा आहे. मजकूर असा चालेल:

"आर्थिक वर्ष २०२५-२६ साठी माझा टीडीएस जुन्या कर प्रणालीनुसार कापावा. हा पर्याय मी ९ एप्रिल २०२५ च्या मेलने कळवला होता. वजावटींचा तपशील असलेला फॉर्म १२बीबी सोबत जोडला आहे. एप्रिल ते ऑक्टोबर कापलेला कर वजा करून नोव्हेंबर ते मार्चचा महिनावार सुधारित तक्ता पाठवावा आणि प्रत्येक वजावट त्यात वेगळी दाखवावी."

१२बीबी मध्ये घरमालकाचं नाव, पत्ता आणि भाडं वर्षाला एक लाखाच्या वर असल्यामुळे त्यांचा पॅन लागेल. लिव्ह अँड लायसन्स कराराची प्रत आणि भाडेपावत्या जोडा. सोसायटीचा मेंटेनन्स तुम्ही वेगळा भरत असाल तर तो भाड्यात धरू नका, डिपॉझिटही नाही. भाडं महिना ५०,००० च्या वर असेल तर भाड्यावरचा २ टक्के टीडीएस भाडेकरूनेच कापून भरायचा असतो. हे बऱ्याच जणांना उशिरा कळतं, म्हणून सांगून ठेवते.

एक गोष्ट आमच्या हातात नाही. कापलेला कर पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत सरकारकडे जमा होतो, तो आम्ही परत देऊ शकत नाही. उरलेल्या महिन्यांची कपात फार तर शून्यापर्यंत आणता येते. त्यापलीकडे काही जास्त राहिलं तर ते विवरणपत्र भरून परतावा म्हणूनच मिळेल. आणि आम्हाला कळवलेला पर्याय फक्त टीडीएसपुरता असतो. विवरणपत्रात जुनी प्रणाली तुम्हाला पुन्हा निवडावी लागेल, तीही मुदतीच्या आत. मुदत उलटली तर त्या वर्षी जुनी प्रणाली मिळत नाही, मग आम्ही इथे कितीही नीट कापलं तरी फरकाचा कर भरावा लागेल.

तुमचा मेल आला की तक्ता मी स्वतः तपासेन, पाठवण्याआधी फोनवर तुम्हाला एकेक ओळ वाचून दाखवेन, आणि नोव्हेंबरचा पगार त्याच तक्त्याप्रमाणे होईल. 'नोंद घेतली' म्हणून बंद झालेली एप्रिलमधली बाकीची तिकिटंही आम्ही उघडून बघतो आहोत. ज्यांचा रकाना असाच राहून गेला असेल त्यांना या आठवड्यात आमच्याकडून फोन जाईल.