चढलेल्या आवाजातून राग आणि आनंद वेगळा कसा काढायचा? एका प्रतिक्रियेला उत्तर

हिंगणघाटकडच्या एका वाचकाची प्रतिक्रिया: "रागात आवाज चढतो, बोलणं जलद होतं, असं तुम्ही लिहिलं. आमच्या मोठ्या बाबांचा आवाज कापसाले भाव भेटला तरी तसाच चढते, अन् व्यापाऱ्यानं काट्यात मारलं तरी तसाच. वावरात तर सगळेच बोंबलून बोलतात, म्हंजे सगळेच रागावले का? नट लोकांचे आवाज मोजून आमच्याकडच्या बोलण्याचा अंदाज बांधू नका."

भाऊ, नमस्कार.

मोठ्या बाबांबद्दल तुम्ही जे टिपलं, ते अभ्यासकांच्या मोजमापातही वारंवार दिसलं आहे. पॅट्रिक यूस्लिन आणि पेत्री लाउक्का यांनी 2003 मध्ये आवाजातल्या भावनांवरचे 104 अभ्यास एकत्र तपासले. भडकलेला राग आणि उसळता आनंद या दोन्हींत आवाजाची पट्टी वर जाते, चढउतार मोठे होतात, बोलण्याचा वेग वाढतो. ही तिन्ही मापं माणूस किती पेटलाय एवढंच सांगतात. कशानं पेटलाय, हे त्यांतून जवळजवळ कळत नाही. आवाजावरून भावना ओळखणारी संगणकीय यंत्रणाही राग आणि आनंद यांतच जास्त गोंधळते, तेही याच कारणानं. पण म्हणून दोघांचा आवाज सारखाच असतो असं होत नाही. फरक दुसरीकडे आहे.

आपल्याकडचं एकच वाक्य घेऊ: "आला गा एकदाचा!" पोळ्याला पुण्याहून पोरगा घरी आला तेव्हाचं, आणि ऐन डवरणीच्या दिवशी गडी दुपारी उगवला तेव्हाचं. शब्द तेच, माणूसही तोच. समजा मोठे बाबा एरवी 100 ते 150 हर्ट्झच्या दरम्यान बोलतात. भजनातल्या पेटीवर हे अंतर साधारण सात पट्ट्यांचं होतं. वरची दोन्ही वाक्यं मात्र 150 पासून 300 पर्यंत जातील, म्हणजे पुऱ्या बारा पट्ट्या, एक सप्तक. (हे पट्ट्यांत मोजायचं कारण असं की 200 ते 300 मध्ये बोलणाऱ्या काकूंचा पल्लाही सातच पट्ट्यांचा असतो. नुसते हर्ट्झ वजा केले तर त्यांचा पल्ला उगाच दुप्पट दिसतो.) इथपर्यंत तुमचं बरोबर. पल्ला सारखा, वेगही सारखा.

आता आवाज त्या सप्तकात फिरतो कसा ते बघा. रागाच्या वाक्यात तो बहुधा एखाद्या अक्षरावर आदळतो. "एकदाचा"मधल्या "दा"वर झटक्यानं वर जातो, लगेच कोसळतो आणि "चा" तुटून पडतो. आनंदात "आला"मधला "ला" लांबतो, आवाज सलग वर चढून "गा"वरून घरंगळत येतो. आलेखावर पहिला टोकदार दिसतो, दुसरा लाटेसारखा. हा फरक दर वेळी इतका स्वच्छ सापडतो असं नाही. एकट्या या खुणेवर मी निकाल देणार नाही.

माझा जास्त भरवसा आवाजाच्या पोतावर आहे. चढ्या रागात गळ्याचे स्नायू आवळतात, स्वरतंतू एकमेकांवर जोरात दाबले जातात आणि प्रत्येक कंपनात खटकन मिटतात. अशा झटक्यानं मिटण्यामुळे आवाजातल्या वरच्या कंपनांना, साधारण 1000 हर्ट्झच्या पुढच्या भागाला, जास्त जोर मिळतो. कानाला तो आवाज कडक, घासलेला लागतो आणि कंपनं थोडी ओबडधोबडही होतात. आनंदातही हा वरचा भाग वाढतो, पण सहसा रागाइतका नाही, आणि कंपनं जास्त नियमित राहतात. त्यात हसू आलं की ओठ फाकतात, घशापासून ओठांपर्यंतची नळी किंचित आखूड होते, आणि त्या नळीत घुमणारे स्वर वर सरकतात. आवाज उजळ वाटतो. व्हिव्हियन टार्टर यांनी 1980 मध्ये दाखवलं की बोलणाऱ्याचा चेहरा न बघता, नुसत्या आवाजावरून तो हसत बोलतोय हे ऐकणाऱ्यांना ओळखता येतं. फोनवर आईला आपलं हसू "दिसतं", ते यामुळेच.

वावरातल्या बोंबलण्याचं उत्तर वेगळं आहे. आजूबाजूला गोंगाट असला की माणूस नकळत आवाज वाढवतो. एत्येन लोंबार्द या फ्रेंच डॉक्टरानं 1911 मध्ये हे नोंदवलं, म्हणून याला लोंबार्द परिणाम म्हणतात. थ्रेशर सुरू असताना "पोतं आण" म्हणणाऱ्याची पट्टी चढते आणि वरच्या कंपनांचा जोरही वाढतो, म्हणजे रागाच्या दोन खुणा राग नसताना हजर होतात. तीन वावरं पलीकडच्या माणसाला हाक मारतानाही तेच होतं. म्हणून धुऱ्यावरचं बोलणं घरातल्या बोलण्याशी ताडून राग ठरवला तर निकाल चुकणारच. थ्रेशरजवळचा राग थ्रेशरजवळच्याच साध्या बोलण्याशी ताडायचा, आणि माणसाची तुलना त्याच्या स्वतःशीच करायची. आमच्या घाटंजीकडे साधं "जेवला काय?" सुद्धा बाहेरच्या माणसाला भांडण वाटतं, हे मी लहानपणापासून पाहतो.

नट लोकांबद्दलचा तुमचा आक्षेप मला सगळ्यात मोलाचा वाटतो. त्या 104 अभ्यासांपैकी बहुतेकांत आवाज अभिनयानंच काढलेले होते, आणि अभिनयात खुणा ठळक होतात. नट भडकलेला राग उभा करतो. आपल्याकडचा म्हातारा खरा संतापला की खालच्या पट्टीत, सावकाश "बरं, पाहतो" म्हणतो, आणि सगळं घर चूप होतं. अशा थंड रागात पट्टी चढत नाही, वेगही वाढत नाही. वर सांगितलेली तुलना त्याला लागू करू नका. सुगी घरात आल्यावरच्या समाधानालाही ती लागत नाही, कारण तिथेही आवाज मऊ आणि संथ असतो.

तेव्हा आपल्याकडचे आवाज आपणच मोजलेले बरे. प्राट नावाचा सॉफ्टवेअर फुकट मिळतो. अ‍ॅमस्टरडॅमच्या पॉल बूर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी तो बनवला आहे. मोठ्या बाबांची परवानगी घेऊन त्यांचं साधं बोलणं, रागातलं आणि खुशीतलं, तिन्ही एकाच मोबाईलवर, तोंडापासून एकाच अंतरावर रेकॉर्ड करा. आवाज किती मोठा होता, हे मोबाईलच्या रेकॉर्डिंगवरून ठरवू नका. बहुतेक मोबाईल लहान आवाज वर ओढतात आणि मोठा दाबतात, त्यामुळे खरा फरक पुसला जातो. फोनवरच्या संभाषणाचं रेकॉर्डिंगही टाळा. जुन्या पद्धतीच्या कॉलमध्ये 300 ते 3400 हर्ट्झ एवढाच भाग जातो, आणि आवाजाचा पोत बघायला त्याच्या वरचाही भाग हवा असतो.

रागातल्या घासलेल्या आवाजात सॉफ्टवेअर हमखास एका जागी फसतो. 300 वर चाललेली रेघ मध्येच 150 वर पडलेली दिसते. तो आवाजाचा उतार नसतो, मोजणी बरोबर निम्म्यावर घसरलेली असते. तेवढा तुकडा कानानं ऐका. आवाज खाली आलेला ऐकू येत नसेल तर मोजणीची खालची मर्यादा वाढवून पुन्हा मोजा, नाहीतर रागाचा पल्ला फुकटचा मोठा दिसू शकतो.

शेवटी त्याच फायली, कुठली कशाची ते न सांगता, गावातल्या चार जणांना आणि वऱ्हाडी कधी न ऐकलेल्या चार जणांना ऐकवा आणि राग की खुशी ते विचारा. गावातले ओळखतील आणि बाहेरचे चुकतील, तर त्या खुणा आपल्या बोलीतल्या आहेत असं समजायला जागा आहे. दोघंही ओळखतील, तर त्या बहुधा गळ्याच्या आणि ओठांच्या आहेत. काय निघालं ते इथेच लिहा. आलेख पाठवलेत तर मी सोबत बसून वाचीन.